आवाज बंद ठेवून तुमचा व्हिडिओ बघा: कॅप्शनमध्ये आधी संदर्भ, मग बाकीचं

वाचायला सुरुवात करण्याआधी एक छोटं काम करा. धंद्यासाठी टाकलेला तुमचा शेवटचा व्हिडिओ फोनवर उघडा, आवाज पूर्ण बंद करा आणि एकदा बघा. मग खाली लिहिलेल्या कॅप्शनची फक्त पहिली ओळ वाचा. आता स्वतःला विचारा: तुम्हाला अजिबात न ओळखणाऱ्या माणसाला एवढ्यावरून कळेल का, की ही वस्तू काय आहे, कुठली आहे आणि व्हिडिओत नेमकं काय चाललं आहे?

बहुतेकांचं उत्तर "नाही" असंच येतं. कारण साधं आहे. व्हिडिओ करताना आपण बोलतो, आणि आपल्या डोक्यात ते बोलणं पक्कं बसलेलं असतं. कॅप्शन लिहिताना वाटतं, सांगायचं ते तर बोलून झालंय, आता वर चार ओळी छान टाकू. पण समोरचा माणूस परभणीच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत असतो, किंवा दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत असतो, किंवा रात्री शेजारी झोपलेलं लेकरू उठू नये म्हणून फोन म्यूट करून बसलेला असतो. त्याच्यापर्यंत तुमचं बोलणं पोहोचतच नाही. त्याच्यापर्यंत चित्र पोहोचतं आणि अक्षरं पोहोचतात. बस.

आज आपण एकाच गोष्टीवर काम करणार आहोत: असं कॅप्शन पुन्हा कसं लिहायचं. त्यासाठी एक उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत सोडवू.

आधी दोन शब्द वेगळे करू

"कॅप्शन" म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. एक म्हणजे व्हिडिओच्या चित्रावर उमटणारी अक्षरं. त्याला या लेखात मी "पट्टी" म्हणेन. दुसरी म्हणजे व्हिडिओ टाकताना खालच्या चौकटीत आपण टाइप करतो तो मजकूर. त्यालाच "कॅप्शन" म्हणू.

फरक महत्त्वाचा आहे. पट्टी व्हिडिओत भाजली गेली की भाजली गेली. टाकलेल्या व्हिडिओत ती बदलता येत नाही. कॅप्शन मात्र इन्स्टाग्रामवर, फेसबुकवर आणि यूट्यूबवर टाकल्यानंतरही बदलता येतं. म्हणजे तुमचे जुने व्हिडिओ, ज्यांचं शूटिंग आता परत होणार नाही, तेसुद्धा पाच मिनिटांत सुधारता येतात. म्हणून आपण सुरुवात कॅप्शनपासून करू आणि पट्टीकडे नंतर येऊ.

अक्षरांचा उपयोग होतो का, अशी शंका असेल तर एक जुना आकडा सांगतो. 2016 मध्ये फेसबुकने स्वतःच्या चाचण्यांवरून सांगितलं होतं की, ज्या व्हिडिओ जाहिरातींवर पट्ट्या होत्या त्या लोकांनी सरासरी 12 टक्के जास्त वेळ बघितल्या. हा आकडा मोठ्या जाहिरातींचा आहे, तुमच्या-आमच्या व्हिडिओला तो जसाच्या तसा लावू नका. पण दिशा त्यातून कळते.

आणि मुक्या चित्राला अक्षरांची साथ देणं आपल्याकडे काही नवीन नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली आला तेव्हा चित्रपटाला आवाज नव्हताच. पडद्यावर मध्येमध्ये मजकुराची पाटी यायची, आणि पाटी वाचलेल्या प्रेक्षकाला पुढचा प्रसंग कशाचा आहे ते समजायचं. आधी पाटी, मग प्रसंग. आज आपल्याला करायचं आहे ते एवढंच.

आपलं उदाहरण: ज्वारीच्या खारोड्या

समजा, सेलू तालुक्यात महिलांचा एक बचत गट आहे. ज्वारी भिजवायची, भरडायची, तीळ-लसूण-मिरची घालून शिजवायची आणि उन्हात खारोड्या घालायच्या, असं त्यांचं काम. हे उदाहरण मी समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण असे व्हिडिओ तुम्ही खूप बघितले असतील. गटाला आपला माल परभणीच्या बाहेर, पुण्यात राहणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत न्यायचा आहे. त्यांनी 32 सेकंदांचा व्हिडिओ केला. विचार चांगला होता: आमची खारोडी पूर्ण वाळलेली असते, हे करून दाखवायचं.

व्हिडिओत असं आहे. पहिली पाच सेकंदं ताई हात जोडतात आणि म्हणतात, "नमस्कार, आज एक गंमत दाखवते." समोर दोन वाट्या आहेत, एक स्टीलची आणि एक लाल. मग त्या स्टीलच्या वाटीतली खारोडी उचलतात आणि बोटांत दाबतात. ती दबते, आतून मऊ निघते. ताई म्हणतात, "ही बघा, हिला दोनच उन्हं दिलीत." त्यानंतर लाल वाटीतली खारोडी उचलून माइकजवळ धरतात, "आता ही ऐका," म्हणतात, आणि मोडतात. कट्! पुढे दोन्ही खारोड्या एकेक करून तळतात. पहिली नीट फुलत नाही, दुसरी फुलते. शेवटी पाकिटं दिसतात.

आवाज चालू ठेवून बघितलं तर व्हिडिओ झकास आहे. खाली कॅप्शन असं होतं:

"नमस्कार ताई-दादांनो! जगात जर्मनी, भारतात परभणी! आज तुमच्यासाठी घेऊन आलोय आमच्या गटाची खासियत. ऐकलात ना आवाज? हीच तर आमची ओळख! एकदा खाऊन बघा, पुन्हा पुन्हा मागाल. ऑर्डरसाठी मेसेज करा."

आता आवाज बंद करा. काय उरलं? एक बाई काहीतरी मऊ वस्तू दाबतेय. मग दुसरं काहीतरी मोडतेय. मग तळतेय, आणि त्यातलं एक फुलतच नाही. यातलं गटाचं कोणतं आणि नापास कोणतं, हे चित्रावरून कळत नाही. उलट, पहिल्यांदा दिसते ती मऊ खारोडी. घाईत असलेला माणूस सहा-सात सेकंदांत पुढे सरकला, तर त्याच्या डोक्यात एवढंच बसेल: यांचा माल मऊ पडतो.

हे नीट लक्षात घ्या. इथे कॅप्शन नुसतं कमी पडलेलं नाही. आवाज गेल्यावर व्हिडिओचा अर्थ उलटा झाला आहे. "असं नको, असं हवं" प्रकारच्या प्रत्येक व्हिडिओला हा धोका असतो. शिलाईवाल्या ताईंनी आधी चुकीची शिलाई दाखवली, फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्याने आधी गळणारा पंप दाखवला, तरी तेच होणार. आवाज बंद असताना "हे नको" हे शब्द ऐकू येत नाहीत. नको असलेली वस्तू मात्र ठळक दिसते.

पहिली पायरी: लटकणारे शब्द शोधा

जुनं कॅप्शन कागदावर उतरवा, पेन घ्या, आणि आवाजाशिवाय ज्यांचा अर्थ लागत नाही असे शब्द अधोरेखित करा. मी त्यांना लटकणारे शब्द म्हणतो. हे, ही, असं, तसं, इथे, आज, बघा, ऐका, आमची खासियत, तो आवाज, ती गंमत. बोलताना हे शब्द चालतात, कारण आपलं बोट वस्तूकडे असतं आणि आवाज सोबत असतो. लिहिताना त्यांना टेकायला काहीच नसतं.

वरच्या कॅप्शनमध्ये बघा. "ऐकलात ना आवाज?" कशाचा आवाज? "हीच तर आमची ओळख." ही म्हणजे कोण? "आमच्या गटाची खासियत." खासियत म्हणजे पापड, लोणचं की गोधडी? पूर्ण कॅप्शनमध्ये "खारोडी" हा शब्द एकदाही आलेला नाही, "ज्वारी" नाही आणि "सेलू"ही नाही.

आता प्रत्येक लटकणाऱ्या शब्दाच्या जागी तो ज्याच्याकडे बोट दाखवतो ते नाव लिहा. "आवाज" म्हणजे पूर्ण वाळलेली खारोडी मोडल्याचा कट् आवाज. "ही" म्हणजे लाल वाटीतली खारोडी. "खासियत" म्हणजे पाच कडक उन्हं दिलेल्या ज्वारीच्या खारोड्या. वाक्य अजून जुळलं नाही तरी चालेल. आधी नावं गोळा करा.

या कामातून तुमचा संदर्भ तयार होतो. संदर्भ म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. वस्तूचं नाव, समोर काय चाललं आहे, त्याचा अर्थ काय, आणि हे कुठलं आहे, ही चार उत्तरं. यातली पहिली तीन नसतील तर व्हिडिओ कळत नाही. चौथं नसेल तर व्हिडिओ कळतो, पण घेता येत नाही.

दुसरी पायरी: नाव आधी, विशेषणं नंतर

इथे मराठीत एक खास अडचण येते. "संदर्भ आधी लिहा" असं सांगितलं की लोक असं लिहितात:

"सेलू तालुक्यातील आमच्या महिला बचत गटाने पारंपरिक पद्धतीने, घरगुती मसाले वापरून, स्वच्छ वातावरणात तयार केलेल्या चविष्ट ज्वारीच्या खारोड्या..."

संदर्भ आहे का? आहे. आधी आहे का? तोही आहे. पण वस्तू कुठे गेली? पार शेवटी. मराठीत विशेषणं आणि "केलेल्या, बनवलेल्या, आणलेल्या" असे शब्द नामाच्या आधी येतात, आणि आपण ते एकामागून एक लावत गेलो की नाम ढकलत ढकलत शेवटी जातं. आमंत्रण पत्रिकेत हे शोभतं. फोनच्या स्क्रीनवर मात्र खारोडी यायच्या आधीच ओळ कापली जाते.

ओळ कापली जाते म्हणजे काय? इन्स्टाग्रामवर कॅप्शन 2,200 अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण न उघडता दिसते ती फक्त सुरुवात. फीडमध्ये साधारण पहिल्या एक-दोन ओळी दिसतात, रील्सवर त्याहूनही कमी. पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. यूट्यूबवर शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा आहे, आणि शॉर्ट्समध्ये व्हिडिओवर दिसतं ते हेच शीर्षक.

आणि अक्षरं मोजायची झाली तर देवनागरीत हिशोब वेगळा पडतो. आपल्याला "खारोड्या" या शब्दात तीन अक्षरं दिसतात: खा, रो, ड्या. कॉम्प्युटरच्या लेखी काना, मात्रा आणि पाय मोडल्याची खूण ही प्रत्येक गोष्ट वेगळी धरली जाते, त्यामुळे त्याच शब्दाची आठ होतात. "ज्वारीच्या खारोड्या" एवढे दोन शब्द, मधल्या मोकळ्या जागेसह, 19 होतात. म्हणून इंग्रजीतल्या सल्ल्यात "इतक्या अक्षरांची ओळ लिहा" असं असेल, तर मराठीत तेवढ्यात खूप कमी शब्द बसतील हे धरून चाला. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मोजत न बसता स्वतःच्या फोनवर बघणं. पोस्ट टाका, ओळ कुठे तुटते ते बघा, आणि तुटायच्या आधी वस्तूचं नाव आलं आहे का तपासा.

तर लांब वाक्य कापू. नाम आधी, पूर्णविराम, मग बाकीचं:

"ज्वारीच्या खारोड्या. पहिली अर्धवट वाळलेली. दुसरी आमची, पूर्ण वाळलेली."

बरंच सुधारलं. आता पहिल्या दोन शब्दांत वस्तू कळते, आणि उलटा अर्थ होण्याचा धोकाही गेला. पण अजून एक खोट आहे. "पहिली" आणि "दुसरी" हे शब्द व्हिडिओ सुरुवातीपासून बघणाऱ्यालाच कळतात. रील संपली की आपोआप पुन्हा सुरू होते, आणि कॅप्शनवर नजर पडेपर्यंत समोर तळण चालू असू शकतं. त्या माणसाला पहिली कोणती आणि दुसरी कोणती, काय माहीत? म्हणून क्रमाने ओळख देऊ नका, डोळ्यांना दिसणारी खूण द्या. आपल्याकडे ती आयती आहे: वाट्या.

"ज्वारीच्या खारोड्या. स्टीलच्या वाटीत अर्धवट वाळलेली. लाल वाटीत आमची, पूर्ण वाळलेली."

आता माणूस व्हिडिओत कुठेही शिरला तरी लाल वाटी दिसली की समजतो, ही यांची. पुढच्या वेळी शूटिंग करताना हे आधीच ठरवून ठेवा. तुलना दाखवायची असेल तर दोन वेगळ्या रंगांची भांडी, दोन वेगळे रुमाल, काहीही घ्या, पण शब्दात पटकन सांगता येईल असा फरक ठेवा.

तिसरी पायरी: हरवलेला आवाज शब्दात परत आणा

या व्हिडिओचा जीव कशात आहे? त्या कट् आवाजात. खारोडी आतपर्यंत वाळली आहे याची ती खूण आहे, आणि म्यूट केल्यावर नेमकी तीच हरवते. दिसायला दोन्ही खारोड्या जवळपास सारख्याच.

इथे बरेच जण बोललेले शब्दच पट्टीवर टाकतात. म्हणजे त्या क्षणी स्क्रीनवर येतं: "आता ही ऐका!" शब्द बरोबर आहेत, पण उपयोग काय? न ऐकणाऱ्याला "ऐका" सांगून भागत नाही. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी पट्ट्या तयार करणारे लोक यावर एक साधी रीत वापरतात. ते बोलण्याबरोबर महत्त्वाचे आवाजही चौकटी कंसात लिहितात: [दार वाजतं], [लोक हसतात]. आपणही तेच करू: [कट् आवाज]. ज्यांना खरंच ऐकू येत नाही अशी गिऱ्हाइकंही आपल्याला असतात, त्यांनाही याचा फायदा होतो.

पण नुसता आवाज लिहून पुरत नाही. त्याचा अर्थही सांगावा लागतो. सेलूत वाढलेल्या माणसाला कट् म्हणजे वाळलेलं हे सांगायची गरज नाही. पुण्यात जन्मलेल्या त्याच्या भाचीला आहे. म्हणून कॅप्शनमध्ये पुढची ओळ अशी:

"पूर्ण वाळलेली खारोडी मोडताना कट् आवाज येतो. अशी खारोडी तेलात छान फुलते आणि कोरड्या डब्यात टिकते."

बघा, इथे "एक नंबर", "लाजवाब", "चवीला तोड नाही" यातलं काही नाही. वाचणाऱ्याला एक कसोटी मिळाली. माल घरी आल्यावर तो स्वतः मोडून बघू शकतो. अर्थात म्हणून हे लिहिताना माल खरंच तसा असला पाहिजे. कॅप्शनमध्ये कट् लिहिलं आणि पाकिटातली खारोडी दबली, तर ते तुमच्यावरच उलटेल.

कोणासाठी लिहिताय, त्यावर संदर्भ बदलतो

समजा, या गटाची ज्वारी 'परभणी मोती' वाणाची आहे. हा रब्बी ज्वारीचा वाण आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचा, आणि जिंतूर-सेलूकडच्या शेतकऱ्याला नुसतं "मोती" म्हटलं तरी कळेल. मग कॅप्शनची सुरुवात "परभणी मोतीच्या खारोड्या" अशी करावी का?

परभणीतल्या दुकानदाराला ठोक माल विकायचा असेल तर जरूर करा. त्याला तो शब्द ओळखीचा आहे आणि त्यातून त्याला मालाबद्दल काहीतरी कळतं. पण पुण्यातल्या गिऱ्हाइकाला "मोती" म्हटलं की गळ्यातली माळ आठवेल, नाहीतर दिवाळीचा साबण. त्याच्यासाठी आधी "ज्वारीच्या खारोड्या" आणि वाण हवाच असेल तर खाली, "परभणी मोती या वाणाची रब्बी ज्वारी" असा उलगडून.

"जगात जर्मनी, भारतात परभणी"चंही तसंच. ही म्हण आपल्याला लाडकी आहे आणि बाहेरगावी राहणाऱ्या परभणीकराला ती वाचून हसू येतं. ती काढून टाकू नका, शेवटी टाका. पहिल्या ओळीत ती वस्तूची जागा खाते. "नमस्कार मंडळी" आणि "आज आपण बघणार आहोत" यांनाही हाच नियम. व्हिडिओत नमस्कार जरूर करा, आपली रीतच आहे ती. लिखाणात मात्र पहिली जागा मालाला द्या.

एका कॅप्शनमध्ये दुकानदार आणि पुण्याची भाची, दोघांना धरायचा प्रयत्न केला की दोघांनाही अर्धवटच कळतं. एक निवडा. दुसऱ्यासाठी तोच व्हिडिओ दुसऱ्या दिवशी वेगळ्या कॅप्शनने टाका.

पूर्ण झालेलं कॅप्शन

"ज्वारीच्या खारोड्या. स्टीलच्या वाटीत अर्धवट वाळलेली. लाल वाटीत आमची, पूर्ण वाळलेली.

पूर्ण वाळलेली खारोडी मोडताना कट् आवाज येतो. अशी खारोडी तेलात छान फुलते आणि कोरड्या डब्यात टिकते. आम्ही पाच कडक उन्हं देतो.

सेलू, जि. परभणी. पाव किलोची पाकिटं. पुण्याला कुरिअरने पाठवतो.
ऑर्डरसाठी व्हॉट्सॲप: (तुमचा नंबर)

जगात जर्मनी, भारतात परभणी!"

जुन्या कॅप्शनपेक्षा हे थोडं लांब आहे, पण त्याने बिघडत नाही. पहिल्या ओळीवर थांबलेल्या माणसाला व्हिडिओ कळतो. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत आलेल्याला माल का घ्यावा ते कळतं. तिसऱ्यापर्यंत आलेला मागवू शकतो. जो जिथे थांबेल तिथपर्यंतचं त्याला पूर्ण मिळतं.

आता पट्टी

नवीन व्हिडिओ करणार असाल किंवा मूळ शूटिंग फोनमध्ये जपलं असेल, तर पट्ट्याही याच क्रमाने लावा. पहिल्या सेकंदापासून: "ज्वारीची खारोडी वाळली का? कसं ओळखायचं?" दाबताना: "दोन उन्हं दिलेली: दबते." मोडताना: "पाच उन्हं दिलेली: [कट् आवाज]." तळताना पुन्हा वाट्यांची आठवण: "स्टीलची वाटी" आणि "लाल वाटी." शेवटी गाव आणि पाकिटाचं वजन.

दोन गोष्टी सांभाळा. एक, पट्टी त्या कृतीच्या आधी किंचित यायला हवी, नंतर नाही. वाचणाऱ्याला "दबते" हे आधी कळलं की तो दाबण्याकडे त्या नजरेने बघतो. आणि ती इतका वेळ राहू द्या की तुम्ही सावकाश, मोठ्याने दोनदा वाचू शकाल. तेवढा वेळ नसेल तर शब्द कमी करा, अक्षरं बारीक करू नका. दोन, पट्टी अगदी खाली किंवा उजव्या कडेला ठेवू नका. रील्स आणि शॉर्ट्समध्ये खाली तुमचं नाव आणि कॅप्शन येतं, उजवीकडे लाइक-शेअरची बटणं येतात, आणि तुमची पट्टी त्यांच्यामागे झाकली जाते. मध्यापेक्षा थोडी वरची जागा बरी, फक्त हात आणि वस्तू झाकू देऊ नका.

व्हॉट्सॲप स्टेटसवर व्हिडिओ टाकता तेव्हा ही काळजी जास्त घ्या. तिथे तो चोवीस तासांत निघून जातो, त्यामुळे "नंतर दुरुस्त करू" ही सोय धरू नका. कॅप्शन आधी नोट्समध्ये लिहून ठेवा, एकदा वाचा आणि मगच चिकटवा.

जमलं की नाही, कसं ओळखायचं?

दोन तपासण्या पुरे आहेत. पहिली टाकण्याआधीची. तुमच्या धंद्याशी संबंध नसलेल्या एका माणसाला फोन म्यूट करून दाखवा, आणि तीन प्रश्न विचारा: वस्तू काय आहे? मी काय करून दाखवतोय? यातलं माझं कोणतं? घरच्यांना विचारू नका, त्यांना सगळं आधीच माहीत असतं. तिसऱ्या प्रश्नावर माणूस अडला, तर कॅप्शन अजून व्हायचं आहे.

दुसरी तपासणी टाकल्यानंतरची. लाइक मोजू नका, येणारे प्रश्न वाचा. जुन्या कॅप्शनखाली "हे काय आहे?", "कुठलं आहे?", "नाव सांगा ना" असे प्रश्न येत असतील, तर संदर्भ पोहोचत नव्हता. नव्या कॅप्शनखाली "पाव किलो कितीला?", "पिंपरीत पोहोचेल का?", "तिखट कमी मिळतील का?" असे प्रश्न येऊ लागले, तर पोहोचला. एका वहीत आठवडाभर दोन रकाने करा: एकात "काय आहे"वाले प्रश्न, दुसऱ्यात "कितीला"वाले. आकडे लहान असले तरी फरक दिसतो.

आणि याची मर्यादाही सांगून ठेवतो. ज्याला वाचता येत नाही किंवा वाचायचा कंटाळा आहे, त्याच्यासाठी तुमचा आवाजच कामाचा आहे. म्हणून बोलणं कमी करू नका. माणूस जिथे आवाज सुरू करेल तिथे ताईंचं बोलणं त्याला मिळालंच पाहिजे, कारण सेलूच्या बोलीतला तो गोडवा कोणत्याही पट्टीत उतरत नाही. आपण फक्त एवढं करतोय की, आवाज सुरू करण्याआधी त्याला कळावं, आपण काय बघतोय.

आजचं काम: तुमच्या जुन्या व्हिडिओंपैकी ज्यात तुलना आहे किंवा ज्यात एखादा आवाज महत्त्वाचा आहे, असा एकच निवडा. लटकणारे शब्द अधोरेखित करा, नावं भरा, वस्तूचं नाव सगळ्यात पुढे आणा, आणि कॅप्शन बदला. जुनी पहिली ओळ आणि नवी पहिली ओळ एकाखाली एक लिहून कमेंटमध्ये पाठवा.